इंटरव्ह्यूचे किस्से स्टारमध्ये बसवताय? मग लिहायला शेवटून सुरुवात करा

स्टार म्हणजे सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट, हे आता जवळपास सगळ्यांना माहितीये. तरी मॉक इंटरव्ह्यू घ्यायला बसलं की दर वेळी तेच होतं. समोरचा दीड मिनिट प्रोजेक्टची माहिती देतो, क्लायंट कोण, टीम किती जणांची, कुठली टेक्नॉलॉजी, मग "सो वी ऑल वर्क्ड टुगेदर अँड रिझॉल्व्ड द इश्यू" म्हणून सगळं काम एका वाक्यात उरकतो आणि शेवटी "क्लायंट वॉज व्हेरी हॅपी". चारही भाग आले, पण समोर पेन घेऊन बसलेल्याने वहीत लिहायचं काय?

असं होतं कारण लोक लिहायलाही त्याच क्रमाने बसतात. सिच्युएशन लिहिणं सगळ्यात सोपं, ती आपल्याला तोंडपाठ असते, त्यामुळे अर्धं पान तिथेच भरतं आणि अ‍ॅक्शनपर्यंत येईस्तोवर दमायला होतं. म्हणून माझं सांगणं असतं की बोलताना क्रम सरळ ठेवा, लिहिताना उलटा. आधी रिझल्ट, मग अ‍ॅक्शन, मग टास्क आणि सगळ्यात शेवटी सिच्युएशन. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्यात.

उदाहरण एकच घेतो, म्हणजे धागा सुटणार नाही. ओळखीतली एक मुलगी, हिंजवडीत एका सर्व्हिस कंपनीत साधारण चार वर्षं प्रॉडक्शन सपोर्टला, इन्शुरन्सचा क्लायंट, आता प्रॉडक्ट कंपनीत जायची तयारी करतीये. ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.

पायरी 1: आधी प्रश्न ओळखायला शिका

बिहेव्हियरल प्रश्नाची खूण सोपी आहे, तो घडून गेलेल्या गोष्टीबद्दल असतो. "टेल मी अबाउट अ टाइम व्हेन यू..." किंवा "गिव्ह मी अ‍ॅन एक्झाम्पल ऑफ..." असं सुरू झालं की त्यांना एक ठरावीक प्रसंग हवाय. आणि इथेच पहिली चूक होते. प्रश्न असतो "मॅनेजरशी मतभेद झाला होता असा प्रसंग सांगा" आणि उत्तर येतं "मी नेहमी समोरच्याचं शांतपणे ऐकून घेतो, मग डेटाच्या आधारे बोलतो". हे झालं स्वभाववर्णन, प्रसंग कुठाय? उत्तरात "नेहमी", "सहसा", "जनरली" आलं की समजायचं गाडी रुळावरून उतरली.

"असं झालं तर तुम्ही काय कराल" हा वेगळा प्रश्न आहे, तो पुढच्या कल्पनेतला. त्याला आधी सरळ विचार मांडा, आणि जुना प्रसंग असेल तर पुरावा म्हणून जोडा.

मग जॉब डिस्क्रिप्शन घ्या आणि त्यातली क्रियापदं अधोरेखित करा. "वर्क अक्रॉस टीम्स" असेल तर दुसऱ्या टीमकडून काम करून घेतल्याचा प्रसंग लागणार. "अ‍ॅम्बिग्युअस" शब्द दिसला तर रिक्वायरमेंट धड नसताना काय केलंत ते विचारणार. काही कंपन्या तर यादी उघडच ठेवतात. अ‍ॅमेझॉनची 16 लीडरशिप प्रिन्सिपल्स त्यांच्या साइटवर आहेत आणि उत्तरं स्टारमध्ये तयार करा असंही ते स्वतःच सांगतात, तरी लोक ती न वाचता जातात, याला काय म्हणायचं. साधारण सात-आठ मथळे निघतील: जबाबदारी स्वतःहून घेणं, मतभेद, अपयश, डेडलाइन, अर्धवट माहितीवर निर्णय, नवीन काही पटकन शिकणं, ग्राहकासाठी काही करणं, दुसऱ्याला मदत किंवा शिकवणं. हे एका कागदावर आडवे लिहून ठेवा, पायरी 6 ला लागतील.

पायरी 2: प्रसंग गोळा करा, गोष्ट अजून लिहू नका

"मला काही आठवतच नाही, माझं काम रुटीन होतं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर चर्चाच करत नाही. आठवणीवर विसंबू नका, जिथे नोंद आहे तिथे जा. मागच्या दोन-तीन वर्षांचे पाठवलेले मेल, तिकिटं, अप्रेझलचे सेल्फ रिव्ह्यू, ऑन-कॉलचा ग्रुप. मेलमध्ये बघायचं ते "थँक्स" आणि "एस्कलेशन" असे शब्द शोधून, दोन्हीकडे काहीतरी घडलेलं असतं. प्रत्येक प्रसंगाला एकच ओळ लिहा, जसं की "महिनाअखेरची बॅच रात्री पडली", "नवीन मुलाने चुकीच्या सर्व्हरवर डिप्लॉय केलं", "टेस्टिंग टीमशी भांडण".

फ्रेशर असाल तर शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट, इंटर्नशिप, एनएसएसचं शिबिर, कॉलेजचं गॅदरिंग, सगळं चालतं. सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशोब तुम्ही वहीवरून एक्सेलवर आणला असेल आणि त्यावरून दोन काकांशी वाजलं असेल, तर तो मतभेदाचा उत्तम प्रसंग आहे, उगीच लाजू नका.

⚠ सावधान: हे करताना ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलला फॉरवर्ड करू नका, स्क्रीनशॉट घेऊ नका. वहीत हाताने ओळ लिहिली की पुरे. इंटरव्ह्यूतही क्लायंटचं नाव घ्यायची गरज नसते, "एक मोठी इन्शुरन्स कंपनी" एवढं भागतं, आणि गुपित माहिती सहज सांगणाऱ्याला समोरचे लोक मनातल्या मनात फुली मारतात.

आता या यादीला चाळणी लावा. प्रत्येक ओळीला तीन प्रश्न विचारायचे. मला इथे काही ठरवावं लागलं का, की सांगितलं तेवढंच केलं? वाटेत काही अडलं का? आणि माझ्यामुळे नंतर काही वेगळं झालं का? तिन्हीला हो आलं तर ठेवा. नुसतं कष्टाचं काम, म्हणजे तीन वीकेंड बसून मायग्रेशन केलं वगैरे, पहिल्याच प्रश्नाला पडतं. त्यात घाम आहे पण निर्णय नाही, आणि समोरच्याला तपासायचा असतो तो निर्णय.

सहा ते आठ प्रसंग उरले की थांबा. वीस केलेत तर एकही नीट येणार नाही.

पायरी 3: लिहायला बसा, रिझल्टपासून

आपल्या मुलीचं पहिलं व्हर्जन मराठीत साधारण असं होतं: "आमचं प्रोजेक्ट इन्शुरन्सचं आहे, आमच्याकडे रोज रात्री बॅच चालते, एकदा महिनाअखेरीला ती फेल झाली, खूप क्रिटिकल होतं, मग आम्ही रात्रभर जागून ती फिक्स केली आणि क्लायंटने अ‍ॅप्रिशिएट केलं." आता हे उलटं उलगडू.

*3.1 रिझल्ट.* पहिला प्रश्न, शेवटी बदललं काय? ती म्हणाली बॅच वेळेत संपली. किती वाजता? सव्वापाचला. डेडलाइन? सहा, कारण त्यानंतर क्लायंटची ऑफिसं उघडायच्या आत पावत्या तयार लागतात. मग अजून खणल्यावर कळलं की पुढच्याच आठवड्यात तिने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, जी बॅच सुरू व्हायच्या आधी इनपुट फाइल तपासते. आधीच्या सहा महिन्यांत याच कारणाने बॅच चारदा पडली होती, स्क्रिप्ट लागल्यानंतरच्या सहा महिन्यांत एकदाही नाही. आणि हे तिच्या पहिल्या व्हर्जनमध्ये नव्हतंच! रात्रभर जागल्याचं कौतुक होतं, जे खरं काम होतं ते गायब.

आकडा लिहिताना आधी किती आणि नंतर किती हे दोन्ही हवं. "परफॉर्मन्स 40 टक्के सुधारला" हे एकटं वाक्य निरुपयोगी, कारण लगेच विचारतात कशाच्या तुलनेत आणि मोजलं कसं. "चारदा वरून शून्य" असा साधा आकडा कुठल्याही टक्केवारीपेक्षा चांगला, तो तिकिटांवरून मोजलेला आहे आणि ती तो समजावून सांगू शकते. आकडा नसेलच तर बनवू नका. काय बदललं ते दिसेल असं सांगा: ती पद्धत नंतर दुसऱ्या टीमने उचलली, ते काम पुढे तुमच्याकडेच आलं, क्लायंटने रोजचा कॉल बंद केला.

✔ तपासा: तुमच्या रिझल्टमधल्या प्रत्येक आकड्याशेजारी "हे कुठून आलं" ते पेन्सिलीने लिहा. लिहिता येत नसेल तर तो आकडा काढा.

*3.2 अ‍ॅक्शन.* इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. काय काय केलं याची जंत्री नको, तीन ते पाच निर्णय हवेत आणि प्रत्येकाला "कारण". सोपा उपाय असा की जे केलं त्याच्या शेजारी जे करता आलं असतं पण केलं नाही तेही लिहायचं.

बॅच रात्री 11 ला सुरू झाली, 1:50 ला पडली. अडीचच्या सुमाराला तिला लॉगवरून कळलं की इनपुट फाइलमध्ये काही पॉलिसी दोनदा आल्यात. टीमची नेहमीची पद्धत म्हणजे फाइल दुरुस्त करून मागवायची आणि अख्खी बॅच पुन्हा चालवायची. पण अख्ख्या बॅचला साडेचार तास लागतात, म्हणजे लगेच चालू केली तरी सात वाजणार. इथे तिचा पहिला निर्णय: नेहमीची पद्धत नाही, अडलेल्या चेकपॉइंटपासून पुढे चालवायची. दुसरा: खराब 37 रेकॉर्ड बाजूला काढायचे, पण ते स्वतःच्या अधिकारात नाही, कारण तो क्लायंटचा डेटा, म्हणून त्यांच्या ऑन-कॉल माणसाला उठवलं, दोन्ही पर्याय वेळेसकट सांगितले आणि मेलवर लेखी होकार घेतला. तिसरा: 3:10 ला बॅच पुन्हा सुरू केली आणि ती चालू असतानाच त्या 37 पॉलिसींची यादी सकाळच्या टीमला पाठवली, म्हणजे त्यांच्या पावत्या हाताने काढता येतील. चौथा निर्णय पुढच्या आठवड्यातला, ती स्क्रिप्ट. तीही कोणी सांगितली नव्हती.

बघा, आता यात माणूस दिसायला लागला. घाईत असूनही परवानगी घेतली, उरलेल्या 37 लोकांना विसरली नाही. हे गुण तिने स्वतःच्या तोंडाने सांगायची गरज उरली नाही, आणि सांगूही नयेत. "दिस शोज माय ओनरशिप" हे वाक्य कृपया टाळा, ते समोरच्याला ठरवू द्या.

*3.3 टास्क.* हा भाग लोक एकतर गाळतात नाहीतर सिच्युएशनच पुन्हा सांगतात. टास्क म्हणजे त्या प्रसंगात *तुमच्या* डोक्यावर काय होतं. टीमचं काम होतं बॅच वेळेत संपवणं. तिचं काय? त्या रात्री ऑन-कॉल ती एकटी होती, लीड रजेवर, आणि सहाच्या आत काय करायचं हे तिनेच ठरवायचं होतं. एक वाक्य, फार तर दीड. अधिकार किती होता हेही इथेच येऊ द्या, कारण "क्लायंटच्या डेटाला हात लावायचा अधिकार मला नव्हता" हे आधी सांगितलं तरच पुढचा फोन का केला ते कळतं.

*3.4 सिच्युएशन.* आता शेवटी ही लिहा आणि फक्त तेवढंच ठेवा जे अ‍ॅक्शन समजायला लागतं. तिचं असं झालं: "मी एका मोठ्या इन्शुरन्स कंपनीच्या प्रॉडक्शन सपोर्टला होते. प्रीमियमच्या पावत्या बनवणारी बॅच रोज रात्री चालते आणि सकाळी सहाच्या आत संपावी लागते, मागच्या वर्षी एका महिनाअखेरीला ती रात्री दोनच्या सुमाराला पडली." संपलं. टीममध्ये बारा जण होते, डेटाबेस कुठला होता, ऑनसाइट लंडनला होतं, सगळं गेलं.

✔ तपासा: सिच्युएशनमधलं एकेक वाक्य बोटाने झाका आणि पुढचं वाचा. काही अडलं नाही तर ते वाक्य फालतू.

पायरी 4: "आम्ही"ची झाडाझडती

लिहिलेलं वाचा आणि प्रत्येक "आम्ही" किंवा "वी" ला गोल करा. आपल्याकडे "मी केलं, मी केलं" म्हणणं घमेंडीचं वाटतं, लहानपणापासून तसंच वळण असतं, त्यामुळे भलेभले लोक इथे मार खातात. पण समोरचा टीमला नोकरी देत नाहीये. तुम्ही "वी डिसायडेड" म्हणालात की तो विचारणार "अँड व्हॉट वॉज युअर रोल?", आणि हा प्रश्न दोनदा आला म्हणजे तुमचं उत्तर त्याच्या वहीत अर्धंच राहिलं.

प्रत्येक गोलाला विचारा, हे प्रत्यक्ष कोणी केलं? मी केलं असेल तर "मी". दुसऱ्याने केलं असेल तर त्याचं श्रेय त्याला, "टेस्टिंगमधल्या सहकाऱ्याने दोन तासांत तपासून दिलं", आणि मग त्याला त्यासाठी तुम्ही तयार कसं केलं ते. खरोखर सगळ्यांनी मिळून केलं असेल तर एखादा "आम्ही" राहू द्या, काही बिघडत नाही. उलट सगळंच "मी" झालं, बारा जणांच्या टीममध्ये बाकीचे अकरा काही करतच नव्हते असं वाटायला लागलं, तर तेही खोटं वाटतं.

⚠ सावधान: दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर घेऊ नका. नीतीचा मुद्दा सोडा, ते टिकतच नाही, का ते पुढच्या पायरीत.

पायरी 5: उलटतपासणी

ज्या पायरीला बहुतेक जण हातच लावत नाहीत ती ही. बरा इंटरव्ह्यू घेणारा तुमची दोन मिनिटांची गोष्ट ऐकून पुढे जात नाही, तो तिच्यातच खाली उतरतो. आपल्या मुलीला मी हे विचारलं: चेकपॉइंटपासून चालवल्यावर आधीचा अर्धा भाग बरोबर आहे हे कशावरून? क्लायंटचा माणूस नाही म्हणाला असता तर? फोन लागलाच नसता तर? सहा महिन्यांत चारदा पडली, मग स्क्रिप्ट आधीच का नाही लिहिली?

शेवटच्या प्रश्नावर ती गप्प झाली. खरं उत्तर असं होतं की आधीच्या वेळी दुसरे लोक ऑन-कॉल होते आणि प्रत्येक जण आपापली रात्र निभावून तिकीट बंद करत होता, चारही तिकिटं एकत्र ठेवून कोणी पाहिलीच नव्हती, तिने पाहिली. आता हे तर सोनं आहे! ते तिने थेट अ‍ॅक्शनमध्ये घेतलं: "दुसऱ्या दिवशी मी मागची तिकिटं काढून पाहिली तर चारही वेळा कारण एकच होतं." उलटतपासणीचा हाच फायदा, गोष्टीतलं सगळ्यात चांगलं वाक्य बऱ्याचदा तिथून निघतं.

हे एकट्याने होत नाही, मित्र किंवा सिनियर पकडा आणि त्याला हे पाच प्रश्न द्या:

1. हाच पर्याय का, दुसरा का नाही?
2. याला विरोध कोणी केला आणि त्याचं म्हणणं काय होतं?
3. हा आकडा कसा मोजला?
4. तुम्ही नसता तर काय झालं असतं?
5. आज पुन्हा करायचं झालं तर काय बदलाल?

पाचव्याला "काहीच नाही" हे उत्तर देऊ नका, तिथे हमखास मार्क जातात. एक खरी, छोटी गोष्ट ठेवा. प्रत्येक उत्तरावर अजून एक "का" विचारायला सांगा, दोन थर खाली गेलं की उसना प्रसंग उघडा पडतो आणि स्वतःचा प्रसंग अजून भरतो.

पायरी 6: कुठली गोष्ट कुठे

पायरी 1 चा कागद घ्या, वर मथळे आहेतच, डावीकडे तुमचे सहा-आठ प्रसंग उभे लिहा आणि जिथे खरंच बसतं तिथे टिक करा. एक प्रसंग दोन-तीन मथळ्यांखाली येईल. बॅचची गोष्ट डेडलाइनला चालते, स्वतःहून जबाबदारी घेण्याला चालते, ग्राहकासाठी काही केलं यालाही चालते. मतभेदाला चालत नाही, कारण त्यात कोणी भांडलंच नाही, ओढूनताणून तिथे बसवू नका.

प्रश्न बदलला की तीच गोष्ट वेगळ्या ठिकाणी वजन टाकून सांगायची. डेडलाइनच्या प्रश्नाला दोन पर्यायांचं गणित, साडेचार तास विरुद्ध दोन तास, नीट उलगडा आणि स्क्रिप्ट एका वाक्यात. जबाबदारीच्या प्रश्नाला रात्रीचा भाग आटोपता घ्या आणि मागची तिकिटं पाहणं, स्क्रिप्ट, ती लीडला पटवणं यावर वेळ द्या. बरेच जण प्रश्न कुठलाही असो पाठ केलेलं तेच व्हर्जन सोडतात, आणि समोरच्याला वाटतं याने माझा प्रश्न ऐकलाच नाही.

कागदावर एखादा रकाना रिकामा दिसला तर पायरी 2 च्या कच्च्या यादीकडे परत जा. बहुतेकांचा रिकामा राहतो तो अपयशाचा. त्यावर जरा थांबू.

अपयशाचा प्रसंग म्हणजे "मी फार परफेक्शनिस्ट आहे म्हणून उशीर झाला" नव्हे, हे आता हसण्यावारी जातं. खरी चूक घ्या, तुमची, जिचा कोणाला तरी त्रास झाला, पण जी बेइमानीची किंवा बेफिकिरीची नव्हती, अंदाज चुकला अशी. यात रिझल्टचे दोन भाग होतात. आधी काय वाईट झालं ते न गुळगुळता, जसं की रिलीज दोन आठवडे पुढे गेला. मग त्यानंतर तुम्ही कामाची पद्धत कशी बदलली, आणि ती बदललेली पद्धत पुढे *कुठे* वापरली त्याचा एक दाखला. हा दाखला नसेल तर "मी यातून खूप शिकलो" हे नुसतं बोलणं राहतं. आणि दोष दुसऱ्यावर टाकणारं एकही वाक्य नको, खरं असलं तरी.

पायरी 7: बोलून बघा, पाठ करू नका

लिहिलेलं आता बाजूला ठेवा आणि प्रत्येक गोष्टीला एक चिठ्ठी करा, पाच-सहा ओळी, ओळीत तीन-चार शब्द. बॅचची चिठ्ठी: "महिनाअखेर, 1:50 ला पडली / एकटी ऑन-कॉल, सहाची डेडलाइन / रीरन सात वाजता, म्हणून चेकपॉइंट / 37 रेकॉर्ड, लेखी होकार / चार तिकिटं, एकच कारण, स्क्रिप्ट / 5:15 ला पूर्ण, चार वरून शून्य". या चिठ्ठीवरून बोलायचं, दर वेळी शब्द थोडे वेगळे येतील, येऊ द्यात. अख्खा परिच्छेद पाठ केला की मध्ये कोणी टोकलं तर पहिल्यापासून सुरू करावं लागतं, शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेसारखं.

फोनवर रेकॉर्ड करा. एकूण दोन मिनिटं, ओढून अडीच. सिच्युएशन आणि टास्क मिळून तीस सेकंद, अ‍ॅक्शन सव्वा मिनिटाच्या आसपास, रिझल्टला वीस सेकंद. स्टॉपवॉच घेऊन इंटरव्ह्यू कोणी देत नाही, पण रेकॉर्डिंग ऐकताना अ‍ॅक्शन कितव्या सेकंदाला सुरू झाली तेवढं मात्र नक्की बघा. मिनिटाच्या पुढे गेली असेल तर पायरी 3.4 पुन्हा.

इंग्रजीचं काय? मराठी माध्यमातून आलेल्यांना मी सांगतो की आधी गोष्ट मराठीत कोणाला तरी सांगा, घरच्यांना सांगितली तरी चालेल. त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नसतानाही तुम्ही काय केलं ते कळलं तर गोष्टीची हाडं नीट आहेत. मग त्याच चिठ्ठीवरून इंग्रजीत, छोटी वाक्यं करून. उच्चारांची काळजी सोडा, काळाची करा. प्रसंग घडून गेलाय तर शेवटपर्यंत भूतकाळ, "आय कॉल्ड", "आय चेक्ड". "देन आय अ‍ॅम कॉलिंग द क्लायंट" असं मध्येच आलं की ऐकणाऱ्याला कळत नाही हे त्या रात्री केलं की तुम्ही नेहमी करता.

✔ तपासा: गोष्ट संपली हे ऐकणाऱ्याला कळतं का? बरेच जण रिझल्ट सांगून झाल्यावर "सो... या... दॅट वॉज इट" करत रेंगाळतात. शेवटचं वाक्य ठरवून ठेवा, "त्यानंतरच्या सहा महिन्यांत या कारणाने बॅच एकदाही पडली नाही", आणि गप्प बसा. पुढचा प्रश्न त्यांचा.

पायरी 8: प्रत्यक्ष खुर्चीत

प्रश्न आला की लगेच तोंड उघडू नका. "कॅन आय टेक अ मोमेंट?" म्हणून दहा-पंधरा सेकंद घेतले तर कोणी नावं ठेवत नाही. त्या वेळात एवढंच ठरवायचं, कुठला प्रसंग आणि वजन कुठे. प्रश्न धूसर असेल तर विचारा, "मतभेद टीममधला हवा की क्लायंटशी?"

तंतोतंत बसणारा प्रसंग नसेल तर सगळ्यात जवळचा घ्या आणि पहिल्याच वाक्यात तसं सांगा: "मॅनेजरशी थेट मतभेदाचा प्रसंग नाहीये, पण सिनियर आर्किटेक्टशी झाला होता, तो सांगू का?" बहुतेक वेळा हो म्हणतात. जागच्या जागी प्रसंग रचायला जाल तर दुसऱ्या "का"लाच अडकाल.

मध्ये टोकलं तर घाबरू नका, टोकणं म्हणजे त्यांना तिथे रस आहे. विचारलं तेवढं सांगा, मग "रिझल्ट सांगू का?" म्हणून परत या. रिझल्ट राहून गेला आणि प्रश्न पुढे सरकला असं फार वेळा होतं, त्यामुळे एवढं एक लक्षात ठेवाच.

एकाच दिवशी चार-पाच राउंड असतील तर प्रत्येकाला तीच बॅच सांगत बसू नका, हे लोक नंतर एकत्र बसून आपापल्या नोंदी ताडून बघतात आणि चौघांच्याही वहीत एकच रात्र निघाली तर चार वर्षांत हिने अजून काय केलं असा प्रश्न येणारच. राउंड संपला की लगेच, पाणी प्यायच्या आधी, त्या टिकवाल्या कागदावर कुठली गोष्ट कोणाला सांगितली आणि त्यांनी कशावर खोदलं ते लिहून टाका. पुढचा राउंड आठवड्याने असेल तर हाच कागद समोर ठेवून न सांगितलेल्या गोष्टी आधी घोटायच्या, आणि ज्या प्रश्नावर अडखळलात त्याचं उत्तर त्या गोष्टीच्या चिठ्ठीत एक ओळ म्हणून वाढवायचं.